आयोडीन डबल केलं की वेळही डबल, मग आयोडीनची ऑर्डर शून्य कशी?

प्रश्न: प्रयोगाच्या टेबलचा फोटो लावलाय. ॲसिटोन, एचसीएल, आयोडीन, पाणी असे मिलीचे आकडे आहेत आणि शेवटच्या कॉलममध्ये रंग जायला लागलेला वेळ, रेट कुठेच दिलेला नाही. मी एक भागिले वेळ म्हणजे रेट असं धरलं, तर ॲसिटोन आणि ॲसिडची ऑर्डर १ आली पण आयोडीनची मायनस १ येतेय. उत्तरात शून्य दिलंय. कुठे चुकतंय?

उत्तर:

फोटो उडालाय, दिसत नाहीये, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून प्रयोग कुठला ते कळतंय. ॲसिडमध्ये ॲसिटोनचं आयोडिनेशन, प्रॅक्टिकलला हा मी खूप वर्षं करून घेतलाय आणि ही मायनस एकची चूक जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी करतंच. तुमचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत म्हणून त्याच साच्याचं माझं टेबल घेतो, तुम्ही शेजारी तुमचे आकडे टाकून बघा.

मूळ द्रावणं अशी धरा: ॲसिटोन ४.० मोलार, एचसीएल १.० मोलार, आयोडीन ०.००५० मोलार. तापमान २५ अंश.

| प्रयोग | ॲसिटोन (मिली) | एचसीएल (मिली) | आयोडीन (मिली) | पाणी (मिली) | वेळ (सेकंद) |
|---|---|---|---|---|---|
| १ | १० | १० | १० | २० | २२५ |
| २ | २० | १० | १० | १० | ११२ |
| ३ | १० | २० | १० | १० | ११० |
| ४ | १० | १० | २० | १० | ४४७ |
| ५ | १५ | २० | १५ | ० | ११४ |

आधी तुमची चूक सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. रेट म्हणजे किती वेळात किती संपलं. एक भागिले वेळ यात फक्त "किती वेळात" आहे, "किती संपलं" हे गायबच आहे. आता इथे घड्याळ कशावर थांबवतो आपण? आयोडीनचा पिवळा रंग पूर्ण गेला की. म्हणजे त्या वेळात फ्लास्कमधलं सगळं आयोडीन संपलंय, आणि सुरुवातीला जेवढं होतं तेवढंच ते संपलंय. म्हणून रेट असा:

```
rate = [I2]0 / t
```

पहिल्या तीन ओळींमध्ये आयोडीन सारखंच आहे, म्हणून वरचा आकडा सारखा राहतो आणि दोन रेटचा भागाकार केला की तो कटून जातो. तिथे एक भागिले वेळ वापरलं तरी उत्तर बरोबरच येतं आणि त्यामुळे तुम्हाला वाटलं की पद्धत बरोबर आहे. चौथ्या ओळीत मात्र आयोडीन दुप्पट आहे, म्हणजे संपवायचं कामच दुप्पट. दुप्पट काम, दुप्पट वेळ, म्हणजे स्पीड तोच. आयोडीन वाढवल्यामुळे रिॲक्शन हळू झालेली नाही, तिला फक्त जास्त चालावं लागलंय.

ही एक भागिले वेळची सवय लागते कुठून तेही सांगतो, कारण ती चुकीची सवय नाहीये, चुकीच्या जागी वापरली जाते एवढंच. परसल्फेट आणि आयोडाइडचा जो क्लॉकवाला प्रयोग असतो, ज्यात एकदम निळा रंग येतो, त्यात प्रत्येक फ्लास्कमध्ये थायोसल्फेट मोजून सारखंच टाकलेलं असतं. निळा रंग येतो तो ते थायोसल्फेट संपल्यावर, म्हणजे प्रत्येक वेळी तेवढीच ठराविक रिॲक्शन झालेली असते, त्यामुळे तिथे एक भागिले वेळ हे सगळ्या ओळींना चालतं. तिथे घड्याळ वेगळं आणि रिॲक्टंट वेगळे. इथे आयोडीन हेच रिॲक्टंट पण आहे आणि तेच घड्याळ पण आहे, आणि आपण चौथ्या ओळीत घड्याळच बदललं.

आता कॉन्सन्ट्रेशन काढू. बाटलीवर लिहिलेलं ४.० मोलार हे फ्लास्कमधलं कॉन्सन्ट्रेशन नाही, सगळं एकत्र ओतलं की ते विरळ होतं. पहिल्या ओळीत १० मिली ॲसिटोन एकूण ५० मिलीत गेलं, म्हणजे ४.० गुणिले १० भागिले ५०, ०.८० मोलार. तसंच एचसीएल ०.२० आणि आयोडीन ०.००१० मोलार. पाण्याचा कॉलम बघा, तो उगाच नाहीये, प्रत्येक ओळीची बेरीज ५० च येते त्याच्यामुळे. बेरीज सारखी असली की मिली दुप्पट म्हणजे कॉन्सन्ट्रेशनही दुप्पट, सरळ हिशोब. पण दुसऱ्या ओळीत कुणी पाणी कमी करायला विसरलं आणि २० मिलीच ठेवलं तर एकूण ६० मिली होतात, मग ॲसिटोन १.६० ऐवजी १.३३ मोलार होतं आणि वर ॲसिड आणि आयोडीन दोन्ही गुपचूप कमी होतात, म्हणजे एकच गोष्ट बदलायची म्हणून सुरू केलं आणि तिन्ही बदलल्या. तुमच्या टेबलात सगळ्यात आधी ही बेरीज करून बघा, मग पुढे जा.

आता रेट, आणि बरोबर फ्लास्कमधली कॉन्सन्ट्रेशन्स:

```
     [acetone]  [H+]   [I2]0    t      rate (M/s)
1      0.80     0.20   0.0010   225    4.44e-6
2      1.60     0.20   0.0010   112    8.93e-6
3      0.80     0.40   0.0010   110    9.09e-6
4      0.80     0.20   0.0020   447    4.47e-6
5      1.20     0.40   0.0015   114    1.32e-5
```

ऑर्डर काढायची म्हणजे अशा दोन ओळी शोधायच्या की ज्यात एकच गोष्ट बदललीय. ॲसिटोनसाठी पहिली आणि दुसरी. ॲसिटोन दुप्पट झालं, रेट ८.९३ भागिले ४.४४ म्हणजे २.०१ पट झाला. दोनचा कितवा घात २.०१ होतो? साधारण पहिला. ॲसिटोनची ऑर्डर १. ॲसिडसाठी पहिली आणि तिसरी, रेट ९.०९ भागिले ४.४४ म्हणजे २.०४७ पट. इथे नुसतं बघून समाधान होत नसेल तर लॉग घ्या:

```
order = log(rate ratio) / log(concentration ratio)
      = log(2.047) / log(2) = 1.03
```

१.०३ म्हणजे १. इथे काही मुलं १.०३ असंच उत्तर लिहून मोकळी होतात, तसं करू नका, स्टॉपवॉचने हाताने मोजलेल्या वेळेत दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणारच, आणि ते ०.०३ तिथूनच आलंय.

आणि आयोडीन, पहिली आणि चौथी. आयोडीन दुप्पट, रेट ४.४७ भागिले ४.४४, म्हणजे १.०१ पट. लॉग घेतलात तर ०.०१ येईल. शून्य. तुमच्या पद्धतीने हेच केलं असतं तर २२५ भागिले ४४७ म्हणजे ०.५० आणि त्यावरून मायनस १, दिसतंय ना कुठून आलं ते. तुमच्या मायनस एकमध्ये एक मिळवला की बरोबर उत्तर, आणि तो एक म्हणजे वरती विसरलेलं आयोडीन.

इथे एक शंका यायला पाहिजे आणि ती आली तर चांगलंच आहे. आपल्याला हवा इनिशिअल म्हणजे सुरुवातीचा रेट, पण मोजला तर पूर्ण आयोडीन संपेपर्यंतचा सरासरी रेट, मग हे चालतं कसं? दोन कारणं आहेत. पहिलं, ॲसिटोन आणि ॲसिड आयोडीनच्या मानाने प्रचंड जास्त घेतलंय. पहिल्या ओळीत ०.८० मोलार ॲसिटोनमधलं फक्त ०.००१० मोलार वापरलं जातं, एक टक्क्याच्या आठव्या भागाइतकं. ॲसिड तर उलट किंचित वाढतं कारण एचआय तयार होतं, पण ०.२० मध्ये ०.००१० म्हणजे अर्धा टक्का, सोडून द्या. म्हणजे ही दोन्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ तेवढीच राहिली. दुसरं कारण म्हणजे आयोडीनची ऑर्डर शून्य आहे, त्यामुळे ते कमी होत गेलं तरी रेट कमी होत नाही, म्हणून सरासरी रेट आणि सुरुवातीचा रेट एकच.

आता तुम्ही म्हणाल की हे गोल फिरल्यासारखं झालं, शून्य ऑर्डर धरून शून्य ऑर्डर सिद्ध केली. तसं वाटतं खरं, पण उलटं करून बघा. समजा आयोडीनची ऑर्डर १ असती. मग रंग अर्धा व्हायला जो वेळ लागतो तो ठराविक राहिला असता आणि दुप्पट आयोडीन टाकल्यावर फक्त तेवढा एकच अर्धा होण्याचा वेळ वाढला असता. रंग एक टक्का उरला की आपल्याला गेलेला दिसतो असं धरलं तर पहिल्या ओळीत साडेसहाच्या आसपास वेळा तो अर्धा होतो, चौथीत साडेसात वेळा, म्हणजे २२५ सेकंदांचे फार तर २६० झाले असते. ४४७ झालेत. दोन उत्तरांमध्ये एवढी दरी आहे की घोळ व्हायला जागा नाही. आणि दुसरी खूण डोळ्यांनाच दिसते, ऑर्डर १ असती तर शेवटी रंग रेंगाळला असता, गेला की नाही गेला असं करत बसला असता. इथे तो सरळ उतरत येतो आणि शेवटी पटकन जातो. कलरीमीटर असेल तर अजून सोपं, निळा फिल्टर लावून दर पंधरा सेकंदांनी ॲब्सॉर्बन्स घ्या आणि वेळेसमोर ग्राफ काढा, सरळ रेषा शून्याला येऊन टेकते. वक्र आला तर ऑर्डर शून्य नाही.

तर रेट लॉ असा झाला:

```
rate = k [acetone] [H+]
k = 4.44e-6 / (0.80 x 0.20) = 2.78e-5  M^-1 s^-1
```

एकाच ओळीवरून के काढून थांबू नका. दुसऱ्या ओळीवरून २.७९, तिसरीवरून २.८४, चौथीवरून २.८०, सगळे गुणिले १०⁻⁵. चारही जवळजवळ आले, सरासरी २.८०. के एखाद्याच ओळीत भलताच आला तर त्या ओळीत गडबड आहे, आणि सगळ्या ओळींमध्ये एखाद्या कॉन्सन्ट्रेशनबरोबर तो वाढत किंवा घटत चालला तर तुमची ऑर्डर चुकलीय. एकूण ऑर्डर २, म्हणून के चं युनिट प्रति मोलार प्रति सेकंद.

पाचवी ओळ मी मुद्दाम बाजूला ठेवली होती, ती तपासायला. ॲसिटोन १.२०, ॲसिड ०.४०, तर रेट २.८० × १०⁻⁵ × १.२० × ०.४० म्हणजे १.३४ × १०⁻⁵. आयोडीन ०.००१५ आहे, त्याला या रेटने भागलं की ११२ सेकंद. मोजलेला वेळ ११४. दोन सेकंदांचा फरक, म्हणजे रेट लॉ बरोबर बसला. तिन्ही गोष्टी एकदम बदललेल्या ओळीत आकडा जुळणं हे वरच्या भागाकारांपेक्षा मला जास्त खात्रीचं वाटतं, कारण भागाकार करताना ती ओळ वापरलेलीच नाही.

परीक्षेत कधीकधी मुद्दाम अशी ओळ गाळतात की एकच गोष्ट बदललेली जोडी सापडत नाही. समजा इथे दुसरी ओळ नसती. मग ॲसिटोनसाठी तिसरी आणि पाचवी घ्यायची. ॲसिड दोन्हीत ०.४०, ॲसिटोन दीडपट, पण आयोडीनही दीडपट. हरकत नाही, आयोडीनची ऑर्डर शून्य आपण आधीच काढलीय आणि दीडचा शून्यावा घात १, म्हणजे त्याचा काही परिणाम नाही. ज्याची ऑर्डर माहीत झालीय त्याचा वाटा भागून टाकायचा आणि उरलेलं नव्या गोष्टीच्या नावावर लिहायचं, एवढंच तंत्र आहे. रेट १.४५ पट झालाय, लॉग १.४५ भागिले लॉग १.५ केलं की ०.९१ ते ०.९२ येतं. एकच धरायचं, पण बघा, आधीच्या १.०१ च्या मानाने हे जरा भोंगळ आलं. कॉन्सन्ट्रेशन दीडच पट बदललं की वेळेतली तीन-चार टक्क्यांची चूक ऑर्डरमध्ये ०.०९ ची होते, दुप्पट केलं असतं तर तीच चूक ०.०५ ची झाली असती. म्हणून स्वतः प्रयोग मांडताना दुप्पट किंवा तिप्पट करा, दीडपटीवर कंजूषी नको.

आता आयोडीन समीकरणात आहे तरी ऑर्डर शून्य, आणि ॲसिड समीकरणात नाही तरी ऑर्डर एक, हे का ते थोडक्यात सांगतो. समीकरण लिहिलं तर असं दिसतं:

```
CH3COCH3 + I2 -> CH3COCH2I + HI
```

इथे ॲसिड डाव्या बाजूला नाहीच, ते कॅटॅलिस्ट आहे. ॲसिडमुळे ॲसिटोन आधी प्रोटॉन घेतं आणि मग हळूहळू ईनॉल नावाच्या रूपात बदलतं, ही पायरी सगळ्यात मंद. एकदा ईनॉल झालं की आयोडीन त्याच्यावर लगेच झडप घालतं. मंद पायरीत आयोडीन नाहीच, मग ते कितीही वाढवा, वाट तर ईनॉलचीच बघायची आहे. हे पहिल्यांदा आर्थर लॅपवर्थने १९०४ मध्ये ब्रोमीन वापरून दाखवलं, आणि गंमत म्हणजे ब्रोमीन घ्या की आयोडीन, रेट तोच येतो, कारण मंद पायरी तीच. समीकरणातले आकडे बघून ऑर्डर लिहायची सवय असेल तर हा एक प्रयोग ती मोडायला पुरेसा आहे. अर्थात आयोडीन फारच विरळ केलं तर ईनॉल परत ॲसिटोन व्हायला लागतं आणि शून्य ऑर्डर टिकत नाही, पण टेबलातल्या आकड्यांना तो प्रश्न येत नाही.

शेवटचं, तुमचं टेबल स्वतः मोजलेलं असेल आणि ऑर्डर १.५ वगैरे विचित्र येत असेल तर आधी तापमान बघा. या रिॲक्शनची ॲक्टिव्हेशन एनर्जी साधारण ८६ किलोज्यूल प्रति मोल आहे, म्हणजे २५ अंशांच्या आसपास एका अंशाने रेट सुमारे १२ टक्क्यांनी बदलतो. माझ्याकडे एकदा एका ग्रुपची ॲसिडची ऑर्डर स्वच्छ १.५ आली, तिन्ही वेळा मोजून. बिचाऱ्यांनी अर्धी ऑर्डर कशी येते यावर अर्धं पान लिहिलं होतं. खरी गोष्ट एवढीच की पहिला फ्लास्क त्यांनी सकाळी केला आणि तिसरा दुपारी, ऊन येणाऱ्या खिडकीजवळच्या टेबलावर, मध्ये तीन अंशांचा फरक. तीन अंशांनी रेट १.४ पट होतो, दोनची २.८ झाली आणि लॉग २.८ भागिले लॉग २ म्हणजे दीड. सगळे फ्लास्क एकाच पाण्याच्या टबमध्ये दहा मिनिटं ठेवून मग आयोडीन ओतल्यावर दुसऱ्या दिवशी १.०२ आलं. आणि हो, तयार होणारं आयोडोॲसिटोन डोळ्यांना झोंबतं, खिडकी उघडी ठेवा, फक्त फ्लास्क तिच्याजवळ नको.

तुमचे आकडे फोटोऐवजी टाइप करून पाठवलेत तर बघतो. त्यात मूळ द्रावणांची मोलॅरिटी नक्की लिहा, ऑर्डरला ती लागणार नाही पण के ला लागेल.